सात वर्षं पाच महिने

माझी भाची चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होती. 1 जून 2016 ला लागली, 31 ऑक्टोबर 2023 ला तिथून बाहेर पडली. या काळात तिला दोन मुलं झाली. पहिल्या वेळी 2018 मध्ये आणि दुसऱ्या वेळी 2022 च्या डिसेंबरपासून तिने 26-26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा घेतली होती. दुसरीनंतर ती कामावर परतली, पण दोन लहान मुलं आणि तीन पाळ्यांचा कारखाना हे गणित घरात कुणालाच जमेना, म्हणून तिने राजीनामा दिला. 2025 च्या मार्चमध्ये तिने पुन्हा नोकरी शोधायला घेतली आणि रेझ्युमे मला पाठवला. सोबत एक ओळ होती : “मावशी, तू इतकी वर्षं माणसं घेतलीस ना, एकदा नजर टाक. गॅपचं नीट लिहिलंय का?”

मी गॅपपर्यंत पोचलेच नाही. पहिल्याच ओळीत एकूण अनुभव लिहिला होता, 6 वर्षं 5 महिने. मी बोटं मोजली. जून 2016 ते ऑक्टोबर 2023 म्हणजे 7 वर्षं 5 महिने होतात. फोन लावला तर म्हणाली, “अगं, दोन्ही रजा वजा केल्या. सहा-सहा महिने काम कुठे केलं होतं मी?”

एका प्रामाणिक मुलीने स्वतःच्या नोकरीतून एक अख्खं वर्ष आपल्या हाताने खोडलं होतं. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात मनुष्यबळ विभागात काम करताना असे रेझ्युमे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते जवळजवळ सगळे बायकांचे होते. त्याचं नुकसान लगेच होतं. तिला हव्या असलेल्या जागेच्या जाहिरातीत किमान 7 वर्षं अनुभव मागितला होता. नोकरीच्या पोर्टलवर भरती करणारा माणूस आधी अनुभवाची चाळणी लावतो, 7 ते 10 वर्षं, आणि त्यात न बसणारी नावं त्याच्या पडद्यावर येतच नाहीत. तिचा रेझ्युमे नाकारलाही गेला नसता, तो कुणी वाचलाच नसता.

नोकरीत असताना घेतलेली मंजूर रजा हा नोकरीचाच भाग असतो. पगारी रजेवरचा माणूस हजेरीपटावर असतो, त्याचा कर्मचारी क्रमांक चालू असतो, रुजू होण्याची तारीख बदलत नाही. बाळंतपणाच्या रजेचा 1961 चा कायदा 2017 मध्ये बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठीची 12 आठवड्यांची रजा 26 आठवड्यांची झाली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तेवढीच ठेवली आहे. याहून बोलका पुरावा ग्रॅच्युइटीचा आहे. ग्रॅच्युइटी सलग सेवेवर मिळते, म्हणून सेवा कशाने तुटते आणि कशाने नाही हे त्या कायद्याला नेमकं सांगावं लागतं. बाळंतपणाच्या रजेने सेवा तुटत नाही असं तो सांगतो, आणि 2018 पासून ही सवलतही 12 वरून 26 आठवड्यांवर नेली आहे. कायदा जी सेवा अखंड मानतो, तिला आपण रेझ्युमेत कात्री का लावायची?

म्हणून तिच्या दोन्ही बाळंतपणाच्या रजा रेझ्युमेत कुठेच आल्या नाहीत. ही लपवाछपवी नाही. टायफॉइडने महिनाभर घरी असलेला माणूस रेझ्युमेत तसं लिहीत नाही, आणि त्याच्याकडून कुणी तशी अपेक्षाही करत नाही. एकच जागा जपायची असते. त्या वर्षातल्या कामाचा आकडा सांगताना तो प्रत्यक्ष काम केलेल्या महिन्यांचा असावा. 2023 मध्ये तिने दोन पुरवठादारांचं ऑडिट केलं होतं, तर दोनच लिहायचे.

आता खरा गॅप. राजीनाम्यानंतरचे नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025, असे 16 महिने. हे नोकरीच्या बाहेरचे आहेत, अनुभवात मोजता येत नाहीत आणि गाळताही येत नाहीत. तिने ते रेझ्युमेच्या अगदी शेवटी, छंद आणि भाषांच्या खाली, असे लिहिले होते (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत देते) :

“काही अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे मला दुर्दैवाने नोकरी सोडावी लागली. दुसऱ्या प्रसूतीत गर्भावस्थेतील मधुमेह व त्यानंतरचे अशक्तपण, तसेच सासूबाईंची गुडघ्याची शस्त्रक्रिया यामुळे करिअरमध्ये खंड पडला. आता मुले मोठी झाली असून सासूबाईंचीही तब्येत बरी आहे. या खंडाबद्दल क्षमस्व. संधी मिळाल्यास मी मन लावून काम करेन.”

हा मजकूर एका तिऱ्हाईताच्या नजरेने वाचून पाहा. त्याच्यापुढे सत्तर रेझ्युमे आहेत. “दुर्दैवाने” वाचून त्याला वाटतं, काहीतरी बिघडलं होतं. “अपरिहार्य कौटुंबिक कारणं” वाचून तो स्वतःच्या मनाने कारणं रचतो, आणि ती खऱ्या कारणापेक्षा वाईट असतात. मधुमेह आणि अशक्तपण वाचून तो तब्येतीचा विचार करतो. तिने तो विषय काढला नसता तर त्याच्या मनात तो आलाच नसता. सासूबाई बऱ्या आहेत हे वाचून तो उद्या त्या पुन्हा आजारी पडल्या तर काय, इथे पोचतो. आणि “क्षमस्व” वाचल्यावर त्याला कळतं की हिच्या मते हा दोष आहे. तोवर त्याने तसं मानलेलं नसतं. शिवाय मजकूर शेवटी असल्यामुळे तो वरून वाचत येताना ऑक्टोबर 2023 पाशी थबकलेला असतो, आणि पुढे काय झालं याचं उत्तर त्याला पानभर मिळत नाही.

आम्ही तो परिच्छेद काढला आणि अनुभवाच्या रकान्यात सगळ्यात वर एक नोंद केली. रेझ्युमेत ताजं आधी लिहायचं असतं, म्हणून तिची जागा तिथेच. ठसा नोकरीच्या नोंदींसारखाच ठेवला, तेवढाच जाड मथळा, तशाच तारखा :

“करिअर ब्रेक, बालसंगोपन. नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025.
एपीक्यूपीच्या तिसऱ्या आवृत्तीचे आणि नव्या कंट्रोल प्लॅन पुस्तिकेचे प्रशिक्षण पूर्ण, ऑगस्ट 2024. मार्च 2025 पासून पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध.”

एवढंच. पहिली ओळ काय आणि केव्हा ते सांगते. “बालसंगोपन” हा एक शब्द वाचणाऱ्याची उत्सुकता भागवतो आणि पुढे काही उघडं करत नाही. दुसऱ्या ओळीतलं वाक्य मात्र आम्ही अर्धा तास शोधत होतो. ती आधी “वेळेचं नियोजन, संयम, एकाच वेळी अनेक कामं” असं काहीतरी लिहायला निघाली होती. सल्ला देणारे पुष्कळजण आईपणाला असं ऑफिसच्या भाषेत बसवायला सांगतात. मला ते पटत नाही. दोन मुलं वाढवणं हे मोठं काम आहे, पण क्वालिटी इंजिनिअर निवडणाऱ्याला त्यातून हवी ती माहिती मिळत नाही. त्याची शंका वेगळी असते. हिचं काम मधल्या काळात बदललं, ते हिला माहीत आहे का?

आणि काम खरंच बदललं होतं. वाहन उद्योगात नवा भाग आखण्यापासून तो नियमित उत्पादनाला लागेपर्यंतची जी शिस्त आहे तिला एपीक्यूपी म्हणतात. तिची पुस्तिका अमेरिकेतली एआयएजी ही संघटना काढते. 2008 नंतर थेट 2024 च्या मार्चमध्ये तिची नवी, तिसरी आवृत्ती आली, आणि कंट्रोल प्लॅन, म्हणजे कोणत्या टप्प्यावर काय, कशाने आणि किती वेळा तपासायचं याचा तक्ता, त्यातून बाहेर काढून त्याची स्वतंत्र पुस्तिका केली गेली. भाची घरी असतानाच हे झालं. तिने जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकून दोन दिवसांचं प्रशिक्षण केलं होतं, प्रमाणपत्र कपाटात होतं, आणि रेझ्युमेत त्याचा उल्लेखच नव्हता. कारण काय, तर “ते नोकरीत असताना केलेलं नाही ना!”

असं काही केलेलं नसेल तर? मग दुसरी ओळ फक्त उपलब्धतेची ठेवावी. पोकळ वाक्यापेक्षा ते बरं. नात्यातल्या कुणाच्या वर्कशॉपमध्ये चार कागद तपासून दिले असतील तर त्याला “कन्सल्टंट” म्हणू नये. पहिल्याच मुलाखतीत “किती ग्राहक होते, बिलं कशी करत होतात?” असं विचारलं जातं, आणि उत्तर अडखळलं की उरलेल्या खऱ्या सात वर्षांवरही संशयाची सावली पडते.

कारण लिहावं की नाही, यावर मी स्वतः बरीच वर्षं दोन्ही बाजूंनी बोलत आले आहे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या जोनी हर्श आणि जेनिफर शिनॉल यांनी लोकांना मालकाच्या भूमिकेत बसवलं आणि नोकरीत खंड असलेल्या स्त्री उमेदवारांमधून निवड करायला सांगितली. जिने खंडाचं कारण सांगितलं तिला, गप्प राहिलेलीपेक्षा, ठळक पसंती मिळाली. घरगुती कारण असलं तरीही. यावरून वाटेल, सांगून मोकळं व्हावं. पण 2018 मध्ये समाजशास्त्रज्ञ कॅथरीन वाइसहार यांचा अभ्यास आला. त्यांनी खऱ्या जाहिरातींना बनावट रेझ्युमे पाठवले, सगळे आईवडील असलेल्यांचे. सलग नोकरीत असलेल्या आयांना शंभरातल्या सुमारे 15 अर्जांना बोलावणं आलं, कामावरून कमी केलेल्यांना 10 च्या आतबाहेर, आणि मुलांसाठी घरी थांबले असं लिहिणाऱ्यांना जेमतेम 5. वडिलांचंही जवळपास तेच. हाकलून दिलेला माणूस परवडला, स्वतः थांबलेला नको, असा त्याचा अर्थ होतो. वाइसहार यांना दिसलेलं कारण असं, की थांबलेल्या माणसाची कामावरची निष्ठा कमी असं वाचणारा गृहीत धरतो.

माझ्या मते दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे आहेत. गप्प राहणं सगळ्यात महाग, आणि कारण सांगताना “घर आधी, नोकरी नंतर” असा सूर निघाला तर तेही महाग. म्हणून कारण एका शब्दात, शेवटाची तारीख स्पष्ट, आणि लगेच कामाचं एक वाक्य. यामुळे पूर्वग्रह पुसला जात नाही. ज्याला आई झालेली बाई घ्यायचीच नाही, त्याच्यापुढे कोणतीही ओळ चालत नाही. पण मधल्या कुंपणावरचे पुष्कळ असतात, आणि ही ओळ त्यांच्यासाठी असते.

इंग्लंडमधल्या एका मोठ्या प्रयोगातून मी आणखी एक सवय उचलली आहे. नऊ हजारांहून अधिक अर्जांमध्ये काही ठिकाणी नोकरीच्या तारखांऐवजी किती वर्षं काम केलं ते लिहिलं होतं, आणि त्यांना सुमारे 8 टक्के जास्त बोलावणी आली. आपल्याकडे तारखा काढून चालणार नाही, कारण पुढे प्रत्येक फॉर्म महिना आणि साल मागतो. पण कालावधी तारखेच्या आधी लिहिता येतो. भाचीच्या नोंदीत आता असं आहे : “क्वालिटी इंजिनिअर, 7 वर्षं 5 महिने, जून 2016 ते ऑक्टोबर 2023.” डोळा आधी सातावर पडतो.

तारखांशी खेळायचं मात्र अजिबात नाही. गॅप झाकायला लोक नोकरीचा शेवट चार महिने पुढे ओढतात, किंवा महिने गाळून नुसतं 2016 ते 2023 लिहितात. निवड झाली की बीजीव्ही होतं, म्हणजे पार्श्वभूमीची पडताळणी. त्यात रिलीव्हिंग लेटरवरची तारीख आणि पीएफच्या नोंदी ताडून पाहतात. आपल्या यूएएनने भविष्य निर्वाह निधीच्या सदस्य पोर्टलवर गेलं की Service History मध्ये प्रत्येक नोकरीची रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. तीच तारीख समोरच्यालाही दिसणार असं धरून चालावं. तिथली तारीखच चुकलेली असेल, आणि ती बरेचदा चुकलेली असते, तर अर्ज करण्याआधी दुरुस्त करून घ्यावी. ऑफर हातात आल्यावर पंधरा दिवसांत ते होईलच असं नाही. 16 महिन्यांच्या गॅपमुळे ऑफर गेलेली मी क्वचित पाहिली. चार महिने खोटे दाखवल्यामुळे गेलेल्या मात्र मोजून सांगता येणार नाहीत, इतक्या पाहिल्या.

सबॅटिकलचं कोडं थोडं निराळं. तिथे माणूस नोकरीत असतो, पण वर्षभर कामावर नसतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कंपनीकडून बिनपगारी वर्ष मंजूर करून घेतलं, नोव्हेंबर 2022 ते ऑक्टोबर 2023, आणि पायी नर्मदा परिक्रमा केली. अडीच हजार किलोमीटरहून जास्त चालणं झालं, माणूस आतून बदलून आला. नंतर नोकरी बदलायची ठरली तेव्हा रेझ्युमेत अर्धं पान परिक्रमेवर होतं. शूलपाणीची झाडी, घाटावरचे मुक्काम, अन्नछत्रं, त्यातून शिकलेली नम्रता. ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तरीही मी ते काढायला सांगितलं. ज्याला ते ऐकायचं आहे त्याला ते समोर बसून सांगावं. रेझ्युमे वाचणाऱ्याला एवढंच कळायला हवं की या वर्षी नोकरी होती की नव्हती.

नोकरी होती. म्हणून वेगळी नोंद नाही. त्याच नोकरीच्या नोंदीखाली शेवटची एक ओळ : “मंजूर सबॅटिकल, नोव्हेंबर 2022 ते ऑक्टोबर 2023, पायी नर्मदा परिक्रमा. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच पदावर परत रुजू.” यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. कंपनीने परत घेतलं, म्हणजे माणूस तिला हवा होता, हे न सांगता कळतं. बाळंतपणाची रजा लिहू नका म्हणणारी मी सबॅटिकल लिहायला का सांगते? एक तर ते पूर्ण वर्ष होतं आणि अगदी अलीकडचं. मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, गेल्या दोन वर्षांत काय काय केलंत? आणि दुसरं कारण पीएफचं. बिनपगारी वर्षात पासबुकात पैसे जमा होत नाहीत, पण सोडल्याची तारीखही पडलेली नसते. पडताळणी करणाऱ्याला ती रिकामी बारा खाती दिसतात. रेझ्युमेत ओळ आणि हातात कंपनीचं मंजुरीपत्र असलं की प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. त्या गृहस्थांकडे पत्र नव्हतं, साहेबांनी तोंडी हो म्हटलं होतं. जुना ईमेल शोधून त्यावर काम भागलं.

एका क्षेत्रात माझा सगळा सल्ला उलटा करावा लागतो, ते म्हणजे संशोधन. तिथे माणूस किती वर्षांत किती शोधनिबंध लिहितो हे मोजलं जातं आणि अनुदानांना पीएचडीनंतरच्या वर्षांची मर्यादा असते. त्यामुळे रजा गाळली तर नुकसान आपलंच. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या अनुदानांत आईला दर मुलामागे 18 महिन्यांची मुदतवाढ मिळत आली आहे, आणि वडिलांना त्यांनी प्रत्यक्ष घेतलेल्या, कागदोपत्री दाखवता येणाऱ्या रजेएवढी. तिकडे अर्ज करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी रजेच्या तारखा दिवसासकट लिहाव्यात. पण तिथेही तारखाच. बाळंतपण कसं झालं ते तिथेही नको.

लिंक्डइनवर 2022 पासून करिअर ब्रेक अशी वेगळी नोंद अनुभवाच्या रकान्यातच करता येते, पालकत्व, शुश्रूषा, प्रवास असे प्रकार निवडून. भाचीने ती केली, रेझ्युमेतल्याच तारखा आणि तेच शब्द वापरून. दोन ठिकाणी दोन कारणं दिसली की वाचणारा तिसरं शोधतो.

मग राहिली मुलाखत. लिहिताना एक ओळ पुरते, पण समोरासमोर माणूस बोलत सुटतो. आम्ही स्वयंपाकघरात बसून तालीम केली. मी विचारायचं, तिने तीन वाक्यांत सांगायचं आणि थांबायचं. “दुसऱ्या मुलाच्या वेळी मी 16 महिने थांबायचं ठरवलं. त्या काळात नवं एपीक्यूपी शिकून घेतलं. आता घरची व्यवस्था लागली आहे आणि मी पूर्णवेळ काम शोधते आहे.” पहिल्या सहा वेळा तिच्याकडून चौथं वाक्य आलंच, आणि दर वेळी त्यात सासूबाई होत्या. थांबल्यावर जी शांतता पडते ती तिला सोसवत नव्हती. सातव्या वेळी ती थांबली. मी मुद्दाम दहा सेकंद काही बोलले नाही, ती हातातल्या कपाकडे बघत राहिली, पण बोलली नाही. “पुढे काही प्लॅनिंग?” हाही प्रश्न विचारून घेतला, कारण तो आपल्याकडे सर्रास विचारतात. “या जागेसाठी मी पूर्णवेळ उपलब्ध आहे,” हे उत्तर, आणि परत विचारलं तरी तेच, त्याच आवाजात.

एप्रिलमध्ये भोसरीतल्या एका कारखान्यातून तिला बोलावणं आलं. संध्याकाळी फोन आला तेव्हा मी आधी गॅपचंच विचारलं. “विचारलं ना,” ती म्हणाली, “तीन वाक्यं बोलले आणि थांबले. मग साहेबांनी रेझ्युमेवर बोट ठेवून विचारलं, नवा कंट्रोल प्लॅन जुन्यापेक्षा कशात वेगळा आहे? मावशी, त्यावर मात्र वीस मिनिटं बोलले.”